करंगळीएवढी फट

थोरल्याने भिंत उभी करायची आणि धाकट्याने तिला भोकं पाडायची, असं दोघा भावांचं गेली तीस वर्षं चाललं होतं. थोरला गवंडी, धाकटा स्वयंपाकघरात कपाटं बसवणारा. थोरल्याला कामावरची माणसं 'ओळंबा' म्हणत, भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीच्या वजनावरून. एखादी वीट सूतभर जरी बाहेर आली, तरी ती त्याला जेवताना खडा लागावा तशी लागायची, आणि मग ती वीट बसवणाऱ्याची धडगत नसायची. धाकट्याला कुणी टोपणनाव दिलं नव्हतं. 'ओळंब्याचा भाऊ' एवढंच म्हणत, आणि त्यालाही त्यात काही कमी वाटत नसे.

आजचं काम मात्र घरचं होतं. थोरल्याच्या मुलीने नवं घर घेतलं होतं आणि त्याच्या स्वयंपाकघराचा तिच्या बापाने ताबाच घेतला होता. भिंतीचा गिलावा त्याने केला, टाइल्स त्यानेच लावल्या, तेही एकट्याने; पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरायला लेकीला बोलावलं तेवढंच. मदतीला माणूस देतो म्हटलं तर अंगावर धावून आला. पांढऱ्या टाइल्सच्या वरच्या कडेला त्याने दोन बोटं रुंदीची एक निळी पट्टी काढली होती, दारापासून खिडकीपर्यंत, सरळ तीन मीटर. त्या पट्टीच्या वर एक करंगळी जागा सोडून कपाटं यायची, असं त्याने धाकट्याला तीनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा बजावताना स्वतःची करंगळी त्याच्या नाकासमोर नाचवलीही होती.

सकाळी पुतणीने दार उघडून दिलं आणि ती कामावर निघून गेली. घरात धाकटा एकटा राहिला. त्याला एकट्याने काम करायला आवडायचं, कारण मग स्वतःशी बोलता येत असे.

"आधी रेल," तो स्वतःला म्हणाला.

रेल म्हणजे खाचा असलेली पोलादी पट्टी. ती भिंतीला पक्की करायची आणि कपाटं तिच्यावर अडकवायची. सगळा भार तीच घेते, त्यामुळे तिच्या बाबतीत धाकटा कुणाचं ऐकत नसे. त्याने स्पिरिट लेव्हल लावून भिंतीवर रेघ मारली. मग लेव्हल उलटी फिरवली, डावं टोक उजवीकडे केलं आणि पुन्हा बघितलं. बुडबुडा दोन्ही वेळा मधोमध थांबला तरच लेव्हलवर विश्वास ठेवायचा, हा त्याचा नेम. मग ड्रिल लावलं. पहिल्यांदा पांढरट भुकटी पडली. तो गिलावा. थोडं आत गेल्यावर भुकटी लाल झाली, म्हणजे वीट लागली. चौथ्या भोकाला मात्र पांढरी भुकटी संपता संपेना, लालचा पत्ताच नाही. ड्रिल विटांच्या मधल्या सांध्यात शिरलं होतं. सांध्यात स्क्रूचा प्लग धरतो, धरतो आणि एके दिवशी भरल्या कपाटासकट खाली येतो. त्याने ते भोक सोडून दिलं, रेलच्या पुढच्या खाचेतून पुन्हा भोक पाडलं आणि लाल भुकटी दिसल्यावरच थांबला. भोकांतली धूळ फुंकून काढली, प्लग गिलाव्याच्या पार विटेत ठोकले आणि लांब स्क्रू घट्ट आवळले. शेवटी रेलला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. पन्नाशीच्या माणसाने असं लोंबकळणं शोभत नाही, पण बघायला कोण होतं.

मग एकेक कपाट वर चढलं. प्रत्येक कपाटाच्या आत वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक ब्रॅकेट असतो. त्याचा आकडा पाठीतून बाहेर येतो आणि रेलला धरतो. ब्रॅकेटला दोन स्क्रू. एकाने कपाट वर-खाली होतं, दुसऱ्याने ते भिंतीकडे ओढून बसतं. वर-खालीचा स्क्रू एक फेरा फिरवला की साधारण मिलिमीटरभर फरक पडतो. धाकट्याने पाचही कपाटं लेव्हलला आणली, भिंतीशी ओढून घेतली, एकमेकांना जोडली. आडवी लेव्हल लावली, पुढूनही बघितलं. बुडबुडा शहाण्या मुलासारखा मधोमध बसला.

मग तो दोन पावलं मागे सरून बघायला लागला.

कपाटांचं बूड आणि निळी पट्टी यांच्यातली फट दारापाशी करंगळीएवढी होती. खिडकीपाशी ती निम्मी झाली होती. त्याने टेप लावला. इकडे पंधरा, तिकडे आठ. डोळे चोळले, लेव्हल उलटी करून पुन्हा लावली, घरून आणलेली दुसरी लेव्हलही लावली. कपाटं बरोबर होती. पट्टी चढली होती. ओळंब्याची पट्टी तीन मीटरांत सात मिलिमीटर वर गेली होती.

सात मिलिमीटर म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर धाकटा हसून मोकळा झाला असता. पण ही दादाची होती. बाप लवकर गेल्यावर ज्याने त्याला हाताला धरून वाढवलं, त्या दादाची. धाकटा ओट्याला टेकून उभा राहिला आणि गेल्या दोन महिन्यांतल्या गोष्टी एकामागून एक आठवायला लागल्या. जिना उतरताना शेवटच्या पायरीनंतर दादा अजून एक पायरी असल्यासारखा पाय टाकायचा. कागद आला की "चष्मा घरी राहिला" म्हणून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. वहिनी एकदा दाराशी थांबवून म्हणाली होती, "भावजी, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकतात कुठे?" सांगतो म्हणून तो निघाला होता आणि अजून सांगतच होता.

जेवायच्या वेळेनंतर दादा येणार होता. लेकीचं स्वयंपाकघर बघायला, नवी टोपी घालून. आणि आल्या आल्या त्याला काय दिसणार? किंवा दिसणारही नाही, पण संध्याकाळी लेकीला दिसेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विटा ठोकून बाहेर काढणाऱ्या माणसाची रेघ वाकडी. धाकट्याला ते सहन होईना.

त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. कपाटांना जोडणारे स्क्रू काढले, भिंतीकडे ओढणारे सैल केले, आणि दाराकडून सुरुवात करून एकेका ब्रॅकेटला थोडं थोडं जास्त वर घेत गेला. शेवटच्या ब्रॅकेटला पुरते सात फेरे लागले. सगळं पुन्हा आवळलं. आता फट इथून तिथून पंधरा मिलिमीटर झाली. तीन मीटरांत सात मिलिमीटरचा कल डोळ्याला कळत नाही, दारं आपोआप उघडत नाहीत, डबे घसरत नाहीत. फक्त लेव्हललाच कळतं. धाकट्याने लेव्हल पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून वाकडं काम केलं होतं, आणि ते फार सुरेख दिसत होतं.

थोरला आला तो लेकीला बरोबर घेऊनच. तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती.

"काका, किती छान!" ती दारातच ओरडली.

 थोरला सरळ भिंतीपाशी गेला, टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि दाराकडच्या टोकाला पट्टी आणि कपाट यांच्यात करंगळी घातली. मग डोळे मिटले. हो, मिटले. आणि करंगळी फटीतून सरकवत, ओट्याच्या कडेकडेने चालत तो खिडकीपर्यंत गेला. कुठे अडली नाही, कुठे सैल झाली नाही. खिडकीपाशी पोचल्यावर त्याने डोळे उघडले तेव्हा ते पाणावले होते.

"जमलं रे," तो म्हणाला. "धाकट्या, जमलं."

"काय जमलं?"

थोरला स्टुलावर बसला. लेक पाणी आणायला वळली तर तिला हाताने थांबवलं. "तूही ऐक. आता सांगायला हरकत नाही. गेले काही दिवस मला माझाच भरवसा नव्हता. डोळ्यापुढे जरा धूसर यायचं. ठेकेदार मागे लागलाय, तिसऱ्या मजल्यावरची मागची भिंत मीच बांधावी म्हणून. परांचीवर उभं राहायचं काम. त्याला हो म्हणालो नव्हतो. म्हटलं, आधी इथली पट्टी एकट्याने काढतो. मग धाकटा कपाटं लावेल. तो लेव्हल बघितल्याशिवाय जांभईसुद्धा देत नाही. त्याची कपाटं आणि माझी पट्टी जुळली, तर माझे डोळे शाबूत. नाही जुळली, तर गुपचूप बसायचं घरी." त्याने मांडीवर थाप मारली. "जुळली! सोमवारी चढतो परांचीवर."

लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकले. धाकटा मात्र आपल्या तिरक्या कपाटांकडे बघत राहिला. त्याने मायेने केलेलं ते वाकडं काम दादाने दाखला म्हणून खिशात घातलं होतं, आणि तो दाखला घेऊन तो तीन मजले वर, दोन फळ्यांच्या परांचीवर उभा राहणार होता.

अजून गप्प बसता आलं असतं. माणूस अशा वेळी किती पटकन हिशेब करतो! सोमवारला चार दिवस आहेत. वहिनीला सांगू. ठेकेदाराला बाजूला घेऊन सांगू. दुसरा कुणी तरी सांगेल. धाकट्याने हे सगळं एका श्वासात योजलं, आणि दादाच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. दोन महिने तो हेच करत होता.

त्याने पिशवीचं तोंड सोडलं.

"काय रे, राहिलं काही?" थोरल्याने विचारलं.

"हो दादा. थोडं राहिलंय."

तो दुसऱ्या स्टुलावर चढला, जोडणारे स्क्रू काढले, ओढणारे सैल केले आणि एकेका ब्रॅकेटचा स्क्रू उलटा फिरवायला लागला.  स्क्रू फिरल्याचा बारीक कर्र आवाज तेवढा येत होता. पुतणी आधी हसत बघत होती, मग तिचं हसू हळूहळू विरलं, कारण खिडकीकडची फट बारीक होत चालली होती. खिडकीकडचं शेवटचं कपाट आवळून तो खाली उतरला. त्यावर लेव्हल ठेवायची राहून गेली, कारण थोरला उठून उभा राहिला होता.

थोरल्याने पुन्हा दारापाशी करंगळी घातली. पहिलं कपाट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला ती घासायला लागली आणि चौथ्याच्या तोंडाशी अडकली.

"खाली घेतलंस?" त्याने न वळता विचारलं.

"नाही दादा. लेव्हलला आणलं. सकाळी असंच होतं. पट्टी खिडकीकडे सात मिलिमीटर चढलीय. मीच नंतर कपाटं तिरकी केली होती."

"कशाला?"

 "तुला वाईट वाटेल म्हणून," धाकटा म्हणाला.

थोरला भडकला. आधी तो भडकणारच. "तुझी लेव्हल कुठे तरी आपटलीस! माझी रेघ डोळ्याने नाही काढलेली, पाण्याने काढलीय. पाणी खोटं बोलतं? हिला विचार, हिनेच दुसरं टोक धरलं होतं. आण गं ती नळी!"

पुतणीने कोपऱ्यातून पारदर्शक नळीचं वेटोळं आणलं. गवंड्याची ही जुनी रीत. लांब नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. मध्ये नळी कितीही लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. थोरल्याने नळी भरली. धाकट्याने दाराकडचं टोक कपाटाला लावलं आणि पाणी बरोबर बुडाच्या रेषेवर आणलं. खिडकीकडचं टोक थोरल्याने धरलं.

"काय दिसतं?" त्याने लेकीला विचारलं.

"पाणी वर आहे, बाबा. कपाटाच्या बुडापेक्षा वर. जवळजवळ अर्धं बोट."

"बघ!" थोरला विजयाने म्हणाला. "म्हणजे कपाट खाली आहे. बोल आता."

धाकट्याला क्षणभर खरंच वाटलं की आपणच चुकलो. आणि आपण चुकलेलं असावं, असं त्याला मनापासून हवंही होतं. त्याने पुतणीला दारापाशी बोलावून आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि नळीच्या कडेकडेने खिडकीपाशी गेला. नळी बरेच दिवस खिळ्यावर लटकून एका जागी मोडली होती. खिडकीकडे वर चढणाऱ्या भागात ती मोड होती, आणि बरोबर तिथे, पाण्याच्या मध्ये, नखाएवढी हवा अडकून बसली होती. पाण्यापुढे हवेला वजन नाहीच. त्यामुळे त्या बाजूचं पाणी तेवढंच वर उभं राहिलं होतं. टाइल्स लावतानाही ती तिथेच बसली असणार.

"दादा, नळीत हवा आहे."

"कुठे?"

"ही बघ. मोडीपाशी."

थोरल्याने नळी डोळ्यांजवळ नेली. "कुठे?"

धाकट्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर लख्ख ऊन होतं. हवेचा तुकडा काचेच्या मण्यासारखा चमकत होता. पुतणी दारापाशी नळी धरून उभी होती, तिला तिथूनही तो दिसला. तिने ओठ दाताखाली धरले.

"कुठे रे?" थोरला म्हणाला. या वेळी त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

धाकट्याने दादाचं बोट धरलं आणि नळीवर, त्या जागी नेऊन ठेवलं. मग मोड सरळ करून नळीला दोनदा टिचकी मारली. हवा सुटली, वर गेली आणि फुटली. पाणी खाली बसलं. पुतणीने आपल्या टोकाचं पाणी पुन्हा रेषेवर आणलं.

"आता?" थोरल्याने विचारलं.

"आता बुडाशी आलं, दादा. जवळजवळ जुळलंच."

थोरल्याने नळी ओट्यावर ठेवली. पाणी ओट्यावरून खाली सांडलं, ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही. त्याने निळ्या पट्टीवर हात ठेवला. धाकट्याला वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. पण थोरल्याने खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला.

"ठेकेदाराला लाव."

"त्याचा नंबर यातच आहे ना?"

"आहे. मला वाचता येत नाही." तो थांबला. "दोन महिने झाले. फोन आला की आवाजावरून ओळखतो कोण ते."

धाकट्याने नंबर लावून फोन परत दिला. पलीकडून ठेकेदाराचा चढा आवाज ऐकू आला. थोरल्याने त्याला पुरतं बोलू दिलं.

"सोमवारी मी येत नाही," मग तो म्हणाला. "नाही, तब्येत बरी आहे. मला दिसत नाही. हो, डोळ्यांनी. डॉक्टरकडे जाईन, काय म्हणतात ते बघू. तोवर माझ्या भरवशावर कुणाला वर चढवू नका, मलाही नाही." पलीकडे काही तरी विचारलं गेलं. "आज कळलं. खरं म्हणजे कळलेलं होतं, आज मान्य केलं."

फोन ठेवल्यावर लेक बापाला बिलगून रडायला लागली. "बाबा, पट्टी मला अशीच हवी. मी नाही काढू देणार."

"अशी कशी? वाकडी आहे ती," थोरला तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "काका काढतील आणि सरळ लावतील. मी सिमेंट कालवून देईन. तेवढं हाताला कळतं." मग तो धाकट्याकडे वळला. आवाज पुन्हा कामावरच्या ओळंब्याचा झाला होता. "आणि तू. शेवटचं कपाट नीट बघ. सात मिलिमीटर म्हणालास, म्हणजे सात फेरे. उतरवताना सहाच फेरे वाजले, मी मोजले."

धाकटा स्टुलावर चढला आणि खिडकीकडच्या कपाटाखाली लेव्हल धरली. बुडबुडा एका बाजूच्या रेघेला चिकटला होता.

"हो दादा," तो म्हणाला. "एक राहिलाय."

"मग फिरव की."